वर्ग दोनचं काळीज

आमच्या वाडीच्या विहारात दर रविवारी सकाळी साडेसातला वंदना होते आणि मला दर रविवारी सकाळी सात पस्तीसला खोकला येतो. हा खोकला अठरा वर्षं जुना आहे. पंचशील म्हणताना पहिली चार शीलं मी खणखणीत आवाजात म्हणतो. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते आलं की घशात काहीतरी अडकतं आणि मी रुमाल तोंडाला लावतो. आता आदल्या रात्री घेतलेली असताना सकाळी तथागतांसमोर शपथ घेणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे, खोट्या प्रतिज्ञापत्राला काय कलम लागतं हे मला माहीत आहे. खोकल्याला कलम नाही.

शिवाय मी रोज घेणाऱ्यांतला नव्हे. शनिवारी रात्री पूर्णगडचा रघू, आमच्या कचेरीतला बाळा आणि मी, तिघांत एक खंबा. रविवारी दुपारी मासळीबरोबर दोन बियर. सोमवार ते शुक्रवार मी इतका शुद्ध असतो की विहाराच्या मंडळाने मला व्यसनमुक्ती उपसमितीचा चिटणीस केलं. 'दारूचा प्याला, संसार बुडाला' हा विहाराच्या भिंतीवरचा फलक माझ्याच अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

गेल्या डिसेंबरात मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र गुरुजी यांना आरोग्य शिबिराची कल्पना सुचली. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना कल्पना सुचते आणि पत्रव्यवहार मला करावा लागतो. रक्त तपासणी, रक्तदाब एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. त्यांना सोनोग्राफी हवी होती, तीही विहाराच्या सभागृहात, साड्यांचे पडदे लावून. मी अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाने अर्ज वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे एखाद्या गुन्हेगाराकडे बघावं तसं बघितलं. सोनोग्राफीचं यंत्र म्हणजे खुर्ची-टेबल नव्हे, म्हणाला, ज्या जागेची नोंदणी त्याच जागेत ते चालवायचं, गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा आहे, तुम्ही ते विहारात नेलंत तर यंत्राला सील आणि तुम्हाला नोटीस. एक लिपिक दुसऱ्या लिपिकाला इतक्या आनंदाने नाही म्हणताना मी प्रथमच पाहिलं. मी स्वतः लोकांना असंच नाही म्हणतो हे त्या वेळी लक्षात आलं आणि ते काही फारसं बरं वाटलं नाही.

शेवटी रत्नागिरी शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या नोंदणीकृत केंद्रात रविवारी सकाळी आमच्या तीस माणसांची तपासणी सवलतीत करायचं कबूल केलं. सहा तास उपाशी यायचं, कारण जेवलं की पित्ताशय आकसतं आणि पोटातल्या हवेत काही दिसत नाही. तीस माणसं उपाशीपोटी, गर्भलिंग निदान केलं जात नाही अशा पाटीखाली ओळीने बसली. पहिलं कोण जाणार म्हटल्यावर एकोणतीस माणसं पाटी वाचू लागली. गुरुजी म्हणाले, "चिटणीसांनी आदर्श घालून द्यावा."

आदर्श घालायला मी आत गेलो. त्या आधीची रात्र शनिवारची होती, हे मी आत्ताच सांगून टाकतो.

खोलीत अंधार होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावर गार गार जेल ओतलं आणि उजव्या बरगडीखाली ते यंत्राचं बोट टेकवलं. श्वास घ्या, धरा, सोडा. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हललं. बाई एरवी तीस माणसांच्या घाईत होत्या, पण माझ्यापाशी थांबल्या. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "हे बघा, हे तुमचं काळीज."

मी चमकून छातीकडे हात नेला. काळीज म्हटलं की आपला हात तिकडेच जातो. बाई हसल्या. म्हणाल्या, काळीज म्हणजे यकृत हो, लिव्हर, खाटकाला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. आपण गाण्यात आणि भांडणात काळीज काळीज म्हणतो आणि हृदयाकडे बोट दाखवतो, पण खरं काळीज हे, उजव्या बरगडीखाली, दीड किलोचं. मला पंचेचाळीस वर्षं पत्ता चुकीचा माहीत होता.

आणि मग मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी आदर्श, गुरुजी, उपास, सगळं विसरलो. ते हलत होतं. मी श्वास घेतला की ते खाली सरकायचं, सोडला की वर जायचं, खाडीत नांगरलेली होडी भरतीला डुलते तसं. त्यातून काळ्या वाटा जात होत्या, त्या रक्ताच्या. मिनिटाला दीड लिटर रक्त यातून जातं, बाई म्हणाल्या, तुम्ही खाता पिता ते सगळं आतड्यातून आधी इथे येतं. हे साखर साठवतं, पित्त करतं, रक्त गोठायला लागणारी द्रव्यं करतं, विष मोडतं. पाचशेच्या वर कामं. मी मनात म्हटलं, आमच्या कचेरीत एका टेबलाला तीन कामं दिली तर संघटना मोर्चा काढते.

"पण हा रंग बघा," बाई म्हणाल्या. शेजारी माझं मूत्रपिंड दिसत होतं, घेवड्याच्या दाण्यासारखं, काळसर. निरोगी माणसात काळीज आणि मूत्रपिंड यांची छटा जवळजवळ सारखी असते. माझं काळीज चुन्याचा हात दिल्यासारखं पांढरं होतं. पेशींमध्ये चरबीचे थेंब भरले की ते ध्वनिलहरी जास्त परत फेकतात, म्हणून ते उजळ दिसतं, आणि लहरी वरच्यावर खर्ची पडल्या की खोलवरचा भाग अंधुक होतो. वाटांच्या कडा पुसट झाल्या होत्या. तळाशी श्वासपटलाची ठळक रेघ असायला हवी, ती धुक्यात गेल्यासारखी होती. बाईंनी मदतनीस मुलीला मजकूर सांगितला आणि तो दार उघडं असल्यामुळे बाहेरच्या एकोणतीस माणसांनीही ऐकला: फॅटी लिव्हर, ग्रेड दोन.

मी शासनाच्या सेवेत वर्ग तीनचा कर्मचारी आहे. वर्ग दोनसाठी मी दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा राहिलो. अखेर वर्ग दोन मिळाला तो लिव्हरला. बाहेर आलो तेव्हा शेजारचे आत्मारामकाका उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. त्यांना वाटलं, ग्रेड एकापेक्षा दोन चांगली.

बाईंनी मला शेवटी पुन्हा आत बोलावलं आणि विचारलं, किती घेता. मी म्हटलं, फक्त शनिवार-रविवार. हे उत्तर मी अठरा वर्षं सगळ्यांना देत आलो आणि ते आजवर कुणी खोडलं नव्हतं. बाईंनी कागद ओढला. सकाळी हात थरथरतात का, ते आधी विचारलं, कारण तसं असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं लागतं. नाही म्हटल्यावर त्यांनी गणित मांडलं. खंब्याचा तिसरा हिस्सा म्हणजे अडीचशे मिली, जवळजवळ त्रेचाळीस टक्क्यांची, म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण पंच्याऐंशी ग्रॅम. एका बैठकीत साठच्या वर गेलं की ते भरमसाठ पिणंच, मग उरलेले पाच दिवस तुम्ही तुळशीचं पाणी प्या. काळजाला वार कळत नाही.

"आणि ते तासाला सात-आठ ग्रॅमच मोडू शकतं," त्या म्हणाल्या. "कॉफी प्या, आंघोळ करा, लिंबू चोखा, त्याचा वेग वाढत नाही. तोवर ते दुसरं काम बाजूला ठेवतं. चरबी जाळायची राहते, तिथेच साठत जाते."

मी लिपिक माणूस, भागाकार आपोआप होतो. रात्री नऊला सुरुवात, पंच्याऐंशी भागिले साडेसात, सव्वाअकरा तास. म्हणजे सकाळी सव्वाआठ. वंदना साडेसातची. म्हणजे अठरा वर्षं मी पाचव्या शीलाला केवळ आदल्या रात्रीचा गुन्हेगार म्हणून खोकत नव्हतो, मी तिथे पिऊनच उभा होतो. आणि मी झोपलो असताना, घोरत असताना, पांढरा सदरा चढवून मेणबत्ती लावत असताना, हा दीड किलोचा प्राणी एकटा माझी घाण उपसत होता. त्याला दुखत नाही, बाई म्हणाल्या, आतून वेदनेच्या नसाच नाहीत. म्हणून तर तो सांगत नाही. 

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सल्ले दारात उभे होते. आत्मारामकाकांना आता ग्रेडचा अर्थ कुणीतरी समजावला होता, ते भुईआवळ्याचा पाला घेऊन आले. समोरच्या वहिनी कारल्याचा रस म्हणाल्या. बाळाचा फोन आला की व्हिस्कीने होतं, रमने होत नाही, त्याच्या मेहुण्याला डॉक्टरने सांगितलंय. कुणी म्हणालं, माडी घ्या, झाडाची आहे. मी दोन दिवसांत चार प्रकारचे काढे प्यालो आणि तिसऱ्या दिवशी त्यांची यादी बाईंना फोनवर वाचून दाखवली. त्या शांतपणे म्हणाल्या, हे सगळं मोडायचं कामही लिव्हरलाच करावं लागतं, त्याला अजून टपाल पाठवू नका. काढे बंद झाले.

माझी बायको श्रुती हिने रिपोर्ट वाचला आणि खरकटी भांडी माझ्यापुढे सरकवली. मी ती घासली. मुलगी दीक्षा अकरावी सायन्सला आहे. तिने सोनोग्राफीची फिल्म खिडकीला चिकटवली आणि पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघितली. मग अगदी सहज म्हणाली, "बाबा, लहानपणी मला वाटायचं तो खोकला पंचशीलातलाच आहे. मी पण खोकायची. शाळेत म्हणून दाखवलं तेव्हा सर हसले होते."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. माझी अठरा वर्षांची गुप्त व्यवस्था विहारातल्या पोरांना पाठ होती. मला भिंतीवरच्या फलकामागे जाऊन बसावंसं वाटलं.

आई, म्हणजे येसूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, खिडकीपाशी येऊन उभी राहिली. फिल्मवर बोट ठेवून विचारलं, ह्ये काय हाय. दीक्षाने सांगितलं, बाबांचं काळीज, पांढरं झालंय. आईने बराच वेळ बघितलं. माझे वडील भिकू, गोदीत कामाला होते, मी नववीत असताना गेले. कावीळ झाली असं आमच्या घरात म्हणतात. पोट घागरीसारखं फुगलेलं, डोळे पिवळे, हे मला आठवतं, पण घरात दुसरा शब्द कुणी कधी काढला नाही.

"त्याला कुणी असं दाखवलं नाय रे," आई म्हणाली. "दाखवलं असतं तर बघितलं असतं त्यानं. मानूस वाईट नव्हता."

इतकंच बोलून ती आत गेली. मला भीती वाटली. आत्तापर्यंत मला लाज वाटत होती, भीती ही त्या दिवशी प्रथम वाटली. चरबी धुऊन निघते, पण वर्षानुवर्षं दाह राहिला तर काळजात व्रण होतात, व्रण वाढले की ते दगड होतं, आणि मग माझ्या बापाचं पोट. माझं कुठवर आलंय हे सोनोग्राफीत नक्की कळत नाही, बाई म्हणाल्या होत्या. रक्त तपासा, बी आणि सी कावीळही वगळू, आणि कोल्हापूरला जाऊन कडकपणा मोजून या.

कोल्हापूरला जाण्याआधीच्या शनिवारी मी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो, रघूला सांगायला की आज बसणं नाही. रघू एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. त्याने फिल्म हातात घेतली आणि अजिबात दचकला नाही. बोटीवरच्या केबिनमध्ये नेऊन मला मासे शोधायच्या यंत्राचा पडदा दाखवला. "ह्येच की ह्ये," म्हणाला. खाली आवाज सोडायचा, परत येईल तो वाचायचा. मऊ चिखलावरून आवाज कमी येतो, थव्यावरून झगझगीत येतो. माझी फिल्म त्याने उलटी धरून वाचली आणि मला सांगितलं की इथे भरपूर म्हावरं आहे, जाळं टाकायला हरकत नाही.

खाली धक्क्यावर बायका मुशी कापत होत्या. लहान शार्कच ती. रघूने एकीच्या पोटातून निघालेलं काळीज उचललं, लांबट, पिवळट, अर्धं पोट व्यापणारं, आणि पाण्याच्या बादलीत टाकलं. ते तरंगलं. मी बघत राहिलो. मग त्याच बादलीत त्याने बर्फातून काढलेलं बकऱ्याचं काळीज टाकलं, जे संध्याकाळी आमच्याच चाखण्याला जायचं होतं. ते तळाला गेलं.

"मुशीच्या पोटात हवेचा फुगा नाय," रघू म्हणाला. "बाकीच्या माशांना असतो. म्हणून ती काळजात तेल भरते, बुडू नये म्हणून. तू कशाला भरतंस रे मेल्या? तुला खय पवायचं हाय?"

 समुद्राने कोट्यवधी वर्षं विचार करून मुशीच्या काळजात तेल घातलं होतं आणि मी ते फरसाण, तळलेली सुरमई आणि खंब्याच्या तिसऱ्या हिश्शाने अठरा वर्षांत जमवलं होतं. त्या बादलीपाशी मी उकिडवा किती वेळ बसलो मला माहीत नाही. एक मासेवाली म्हणाली, साहेबांना उचलून बाजूला ठेवा, गिऱ्हाईक येतंय.

कोल्हापूरला तीन तास उपाशी राहून जायचं होतं. एसटी आंबा घाटात तीन तास अडकली, पुढे ट्रक उलटला होता, त्यामुळे मी सात तास उपाशी पोचलो. तिथे उजवा हात डोक्याखाली घेऊन झोपवलं आणि बरगड्यांच्या मधून यंत्राने टिचक्या मारायला सुरुवात केली. प्रत्येक टिचकीची लहर काळजातून पळते, मऊ असेल तर सावकाश, घट्ट असेल तर वेगाने. अशा दहा टिचक्या. दारावर कुणी दहा वेळा टकटक करून आत कोण आहे विचारावं आणि मी आतून उत्तर ऐकायला कान लावावा, तसा मी पडून होतो. वडिलांचं पोट डोळ्यांपुढे होतं.

आकडा आला सहा पूर्णांक दोन. तंत्रज्ञ म्हणाला, आठच्या खाली आहे, व्रणाची शक्यता कमी. चरबीचा आकडा मात्र भरघोस. मी त्याला विचारलं, म्हणजे दगड नाही? तो म्हणाला, नाही, लोणी आहे. मी त्याच्या टेबलावर डोकं टेकवून रडलो. तो बिचारा अशा उपाशी माणसांना रोज बघत असावा, त्याने मला बिस्किटं दिली.

रत्नागिरीच्या बाईंनी औषध लिहून दिलं नाही, याचा माझ्या शेजाऱ्यांना राग आला. दारू पूर्ण बंद, वजन शहाऐंशीचं अठ्ठ्याहत्तर करा, रोज घाम येईल इतकं चाला, कोल्ड्रिंक आणि गोड कमी, तीन महिन्यांनी या. एवढंच? बाई म्हणाल्या, काळीज स्वतःला दुरुस्त करतं, दारू थांबली की काही आठवड्यांत चरबी उतरायला लागते. शरीरात असा दुसरा अवयव दाखवा. तुम्ही फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.

बाजूला होणं सोपं नव्हतं. कोल्हापूरहून आल्यावर पहिल्याच शनिवारी रात्री नऊ वाजता माझे पाय चपला शोधू लागले. मी रघूकडे कोकम सरबत घेऊन बसलो तर बाळाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं कर्ज बुडवलंय. तिसऱ्या शनिवारपासून मी बसायलाच गेलो नाही, दीक्षाबरोबर भाट्याच्या पुळणीवर चालायला गेलो. ती मला पित्तनलिका कुठून कुठे जाते ते सांगायची आणि मी धापा टाकत हो म्हणायचो. चौथ्या रविवारी विहारात मी खोकलो. घेतली नव्हती, तरी सवयीने खोकलो. सवय घशात साठते, तिची सोनोग्राफी निघत नाही.

मार्चअखेर, कचेरीत सगळ्यांची पळापळ चाललेली असताना, मी सहा तास उपाशी राहून पुन्हा बाईंकडे गेलो. वजन एकोणऐंशी. या वेळी आई हट्टाने बरोबर आली. बाईंनी तिला स्टूल दिलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. गार जेल, श्वास घ्या, धरा. काळीज आणि मूत्रपिंड शेजारी शेजारी आले, आणि दोघांच्या छटेत फार फरक राहिला नव्हता. वाटांच्या कडा उमटल्या होत्या. तळाशी श्वासपटलाची रेघ, पहाटे धुकं उठल्यावर किनारा दिसतो तशी, स्वच्छ. बाई म्हणाल्या, ग्रेड एक, तीही कमीच, चालू ठेवलंत तर पुढच्या वेळी तेवढंही राहणार नाही. सरकारी नोकरीत ज्याला वर्ग एक म्हणतात तिथे माझं काळीज परीक्षा न देता पोचलं होतं.

आई पडद्याकडे बघतच होती. तिने हात पुढे केला आणि पडद्यावर, जिथे ते श्वासाबरोबर खाली-वर होत होतं, तिथे तीन बोटं ठेवली. "जितं हाय," ती म्हणाली. मला वाटलं ती माझ्याबद्दल म्हणतेय. कदाचित ती भिकूबद्दल म्हणत असेल. 

त्याच आठवड्यातल्या रविवारी वंदनेला आम्ही सगळे गेलो. गुरुजी पुढे, आई बायकांच्या रांगेत, दीक्षा तिच्या शेजारी. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं आलं. गुरुजींनी ओळ सांगितली आणि सबंध सभागृह गप्प राहिलं. कुणी ठरवलं नव्हतं. अठरा वर्षांची सवय होती, चिटणीसांच्या खोकल्यापुरती जागा सोडून मग म्हणायचं.

त्या जागेत माझा एकट्याचा आवाज आला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. बायकांच्या रांगेत दीक्षा खोकली.